हातात तीस हजार, तर सीटीसी किती?

भोसरी-चाकणच्या लहान कारखान्यांत नोकरीची बोलणी अजूनही एकाच आकड्यावर होतात. सुपरवायझर म्हणून येणारा माणूस म्हणतो, "बाकी तुमचं काय ते बघा साहेब, मला महिन्याला तीस हजार हातात पाहिजेत." साहेबांना मात्र हवा असतो दुसराच आकडा: हा माणूस आपल्याला महिन्याला कितीला पडणार? नोकरी बदलणाऱ्याचीही हीच अडचण असते. बँकेत दर महिन्याला किती जमा होतात ते त्याला पाठ असतं, पण नव्या कंपनीच्या फॉर्मवर 'सध्याचा सीटीसी' असा रकाना आला की तो अडतो. पगाराची रचना टक्क्यांत ठाऊक असते, रुपयांत ठाऊक असतो तो फक्त शेवटचा आकडा. त्या शेवटच्या आकड्यावरून मागे चालत जायचं आहे.

उदाहरणासाठी पुणे परिसरात सर्रास दिसणारी रचना घेऊ. बेसिक म्हणजे सीटीसीच्या ५० टक्के. घरभाडे भत्ता, म्हणजे एचआरए, बेसिकच्या ४० टक्के. कंपनीने भरायचा पीएफ बेसिकच्या १२ टक्के. ग्रॅच्युइटीची तरतूद बेसिकच्या ४.८१ टक्के, एका वर्षाच्या नोकरीला पंधरा दिवसांचा पगार आणि महिन्याचे दिवस २६ धरायचे, या हिशेबातून तो आकडा येतो. एवढं वजा जाता जे उरेल तो स्पेशल अलाउन्स. मग कामगाराच्या बाजूने कापायचे ते पीएफचे १२ टक्के आणि व्यवसाय कराचे २०० रुपये. महाराष्ट्रात फेब्रुवारीत हा कर ३०० रुपये असतो. महिलांना २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर तो माफ आहे. आपला सुपरवायझर पुरुष आहे, महिना फेब्रुवारी नाही, असं धरू. आयकराचा प्रश्न तीस हजारांच्या पगाराला नव्या करप्रणालीत येतच नाही.

आता सीटीसी १०० रुपये आहे असं समजा. त्यातले ५० बेसिक. कंपनीचा पीएफ ६ रुपये आणि ग्रॅच्युइटी साधारण २ रुपये ४० पैसे हे दोन आकडे सीटीसीत मोजले जातात, पण माणसाच्या हातात कधी येत नाहीत. ते काढले की एकूण पगार, ज्याला सगळे ग्रॉस म्हणतात, तो उरतो ९१.५९५. त्यातून कामगाराचा स्वतःचा पीएफ ६ रुपये जातो. राहिले ८५.५९५. म्हणजे सीटीसीच्या प्रत्येक शंभरातले साडेपंच्याऐंशीच्या आसपास रुपये पुढे सरकतात आणि शेवटी त्यातून व्यवसाय कराचे ठोक २०० रुपये वजा होतात.

उलटं जाताना हे २०० सगळ्यात आधी परत मिळवायचे, कारण ते सगळ्यात शेवटी कापले गेले. तीस हजार अधिक दोनशे म्हणजे ३०,२००. त्याला ०.८५५९५ ने भागायचं. उत्तर येतं ३५,२८२ रुपये.

इथे भागायचं आहे, मिळवायचं नाही, हे बजावून सांगायला हवं. कारण हिशेब बहुधा इथेच चुकतो. शंभरातले १४.४०५ टक्के जातात ना, मग ३०,२०० वर तेवढे टक्के चढवू, असं मनात येतं. त्या वाटेने सीटीसी निघतो ३४,५५० आणि त्या सीटीसीवर सुपरवायझरच्या हातात पडतात २९,३७३. सव्वासहाशे रुपये कमी! पहिल्या पगारालाच भांडण. ती टक्केवारी सीटीसीची होती आणि चढवली गेली हातातल्या रकमेवर. पाया वेगळा, म्हणून उत्तर वेगळं.

ताळा करून पाहू. ३५,२८२ चा बेसिक १७,६४१. एचआरए ७,०५६. कंपनीचा पीएफ २,११७, ग्रॅच्युइटी ८४९. उरलेला स्पेशल अलाउन्स ७,६१९. बेसिक, एचआरए आणि स्पेशल मिळून ग्रॉस ३२,३१६. त्यातून पीएफ २,११७ आणि व्यवसाय कर २०० गेले की २९,९९९. एक रुपया पूर्णांकांत हरवला, तो सोडून द्या. गंमत म्हणजे भागाकारात एचआरएचे ४० टक्के कुठेच आले नाहीत. ते ५० असते तरी सीटीसी हाच आला असता, कारण एचआरए वाढला की स्पेशल अलाउन्स तेवढाच खाली येतो. या प्रश्नासाठी एचआरएची टक्केवारी विचारत बसण्यात अर्थ नाही.

विचारायचं ते वेगळंच. 'बेसिक ५० टक्के' म्हणजे कशाच्या ५० टक्के? काही कंपन्या सीटीसीच्या धरतात, काही ग्रॉसच्या. ग्रॉसच्या धरले तर ग्रॉसच्या शंभरातून फक्त ६ रुपये पीएफ जातो. मग ३०,२०० ला ०.९४ ने भागून ग्रॉस येतो ३२,१२८. त्यावर कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी चढवली की सीटीसी ३४,८२८. शब्द तेच, माणूस तोच, आणि महिन्याला साडेचारशे रुपयांचा फरक. शिवाय काही ठिकाणी कंपनीचा पीएफ १२ ऐवजी १३ टक्के धरतात, कारण विम्याचा अर्धा टक्का आणि प्रशासकीय खर्चाचा अर्धा टक्का कंपनीलाच भरावा लागतो. काही ठिकाणी ग्रॅच्युइटी सीटीसीत दाखवतच नाहीत. पगाराची स्लिप हे काही सांगत नाही. ऑफर लेटरच्या मागच्या पानावरचा तक्ता सांगतो.

आणि आता ती अट, जिच्यामुळे वरचं उत्तर पुष्कळ कारखान्यांत चुकीचं ठरेल. पीएफची सक्तीची वेतनमर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये आहे. बेसिक त्याच्यावर गेला तरी कंपनी १५,००० वरच, म्हणजे दोन्ही बाजूंनी १,८०० रुपये भरू शकते, आणि बहुतेक लहान कारखाने तेच करतात. आपल्या सुपरवायझरचा बेसिक १७,६४१, म्हणजे मर्यादेच्या वर. मग पीएफ टक्क्यांत राहिलाच नाही, तो ठोक रक्कम झाला. सीटीसीच्या शंभरातून टक्क्याने जाते ती फक्त ग्रॅच्युइटी, राहतात ९७.५९५. ठोक वजावट मात्र वाढली: १,८०० कंपनीचे, १,८०० कामगाराचे आणि २०० व्यवसाय कराचे, एकूण ३,८००. ३३,८०० ला ०.९७५९५ ने भागलं की सीटीसी ३४,६३३. कंपनीचे महिन्याला साडेसहाशे वाचले आणि सुपरवायझरच्या पीएफ खात्यात दोन्ही बाजू मिळून सहाशेतीसेक रुपये कमी गेले. हातातले तीस हजार तेच राहतात, म्हणून हा फरक त्याच्या लक्षातही येत नाही.

बेसिक मर्यादेच्या खाली की वर, हे सीटीसी काढल्याशिवाय कळत नाही, आणि सीटीसी काढायला ते आधी कळायला हवं. एक्सेलमध्ये लोक इथे स्वतःभोवती फिरणारं सूत्र लिहितात आणि सर्क्युलर रेफरन्सची तक्रार समोर येते. त्याची गरज नाही. दोन्ही उत्तरं काढायची आणि लहान असेल ते घ्यायचं. मर्यादा पाळणाऱ्या कंपनीत या रचनेला ते दर वेळी बरोबर ठरतं. हातातली रक्कम `B1` मध्ये असेल तर सूत्र असं:

```
=MIN((B1+200)/0.85595,(B1+3800)/0.97595)
```

तीस हजारांपेक्षा बऱ्याच खालच्या पगारावर मात्र हे सूत्र पुरत नाही, कारण तिथे ईएसआय येतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांत वेतनाची व्याख्या बदलली आहे. इथले आकडे त्याआधीच्या रिवाजाचे आहेत, ज्यात ग्रॉस २१,००० पर्यंत असेल तर माणूस ईएसआयमध्ये. आज हिशेब करताना आपली कंपनी कोणती रक्कम मर्यादेशी ताडून पाहते ते विचारून घ्या. पुढची रीत तीच राहते. दर २०१९ पासून असे आहेत: कामगाराचा पाऊण टक्का आणि कंपनीचे सव्वातीन टक्के, दोन्ही ग्रॉसवर. आपल्या रचनेत ते धरले की ८५.५९५ च्या जागी ८२.०४७ येतात.

आता एक हेल्पर म्हणतो, हातात १९,३०० पाहिजेत. ईएसआय धरून भागलं तर सीटीसी येतो २३,७६७ आणि ग्रॉस २१,०८४. म्हणजे मर्यादा ओलांडली, ईएसआय लागूच नाही, हिशेब बाद. बरं, ईएसआय न धरता भागू. सीटीसी २२,७८२, ग्रॉस २०,८६७. मर्यादेच्या आत, म्हणजे ईएसआय लागू, हा हिशेबही बाद.

यात चूक कोणाचीच नाही. ग्रॉस बरोबर २१,००० असताना ईएसआय कापून हातात पडतात १९,२२२. ग्रॉस एक रुपयाने वाढला की ईएसआय सुटतो, कंपनीचे सव्वातीन टक्केही सुटतात, आणि हातात पडतात साधारण १९,४२५. मधल्या दोनशे रुपयांतला कोणताही आकडा या रचनेत कुणाच्या हातात पडूच शकत नाही. गोल सीकला हे समजत नाही. तो या काठावरून त्या काठावर उड्या मारतो आणि शेवटी जवळचा काहीतरी आकडा पुढे ठेवतो. ग्रॉस २०,८०० ते २१,२०० च्या आसपास निघाला की तो आकडा स्वीकारण्याआधी दोन्ही रीतींनी ताळा करायलाच हवा.

हेल्परला १९,३०० च्या ऐवजी १९,२२२ किंवा १९,४२५ यांतलं एक सांगावं लागणार. कंपनीचा खर्च पाहिला तर पहिल्याला सीटीसी २३,६७२ लागतो आणि दुसऱ्याला जेमतेम २२,९२८, म्हणजे जास्त हातात देणारा पर्याय कंपनीला साडेसातशेने स्वस्त. मालक अर्थातच दुसऱ्याकडे झुकतो, आणि हेल्परही खूश होतो. त्याने विचारायचं ते एवढंच, की त्या दोनशे रुपयांच्या बदल्यात बायकामुलांचा ईएसआयचा दवाखाना आणि आजारपणातला पगार गेला, त्याची दुसरी काही सोय कंपनी करणार आहे का. आधीपासून ईएसआयमध्ये असलेल्याला मध्येच पगारवाढ मिळाली तर गोष्ट थोडी निराळी. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे दोन काळ असतात. जूनमध्ये ग्रॉस २१,००० च्या वर गेला तरी सप्टेंबरअखेरपर्यंत वाढलेल्या पगारावर ईएसआय कापला जातोच. त्याच्या हातातला खरा नवा आकडा दिसायला ऑक्टोबरचा पगार उजाडतो.