मालवणची जुनी स्कूटर: आधी गंज बघा, मग किंमत
मंडळी, आज विकायला आहे २०१८ ची ॲक्टिवा. एमएच ०७ पासिंग, ४१ हजार किलोमीटर, किंमत ३८ हजार.

रंगाच्या चकाकीवर जाऊ नका. गाडी किनाऱ्यावरची, म्हणून कॅमेरा आधी खाली नेतोय. खाऱ्या वाऱ्याने सायलेन्सरवर वरवरचा गंज आहे. फ्लोअरबोर्डखालच्या चेसिसच्या पाइपवर स्क्रूड्रायव्हर टोचून दाखवतो: पापुद्रा सुटत नाही, पाइप दबत नाही. दबला असता तर गाडी विकायला ठेवलीच नसती. पुढचा टायर मात्र बदलावा लागेल.

आरसी २०३३ पर्यंत आहे, कर्जाचा बोजा नाही. विमा संपलाय, तो काढल्याशिवाय गाडी नावावर होणार नाही. टायर, विमा आणि ट्रान्सफरचा खर्च तुमचा.

चेसिस नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा, फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही घ्या, मगच पैसे द्या.