चौकोनी लाटेचे दोन अर्धे

अर्धा वेळ +1 आणि अर्धा वेळ −1, मधे उतार नाही की चढ नाही, अशी चौकोनी लाट घ्या. 1822 साली छापलेल्या ग्रंथात फूरिए यांनी जी पद्धत मांडली तिने ही लाट गुळगुळीत साइन लाटांच्या बेरजेतून उभी करता येते. शून्यापासून +1 ने सुरुवात केली तर कोसाइनचे सगळे सहगुणक, म्हणजे aₙ, शून्य येतात. साइनचे bₙ फक्त विषम n ला उरतात आणि ते 4/(πn) असतात. पहिला 1.273, तिसरा त्याच्या तिसऱ्या हिश्शाचा.

आता हाच हिशेब संमिश्र संख्यांत करू. ऑयलरच्या सूत्राप्रमाणे eⁱˣ = cos x + i sin x, म्हणजे साइन-कोसाइनची जोडी एकाच फिरत्या काट्यात बसते. काटा घड्याळाच्या उलट फिरला तर eⁱˣ, सुलट फिरला तर e⁻ⁱˣ. खरी लाट हवी तर दोन्ही काटे लागतात, कारण त्यांच्या बेरजेतच काल्पनिक भाग एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून प्रत्येक लाट दोघांत निम्मी-निम्मी वाटली जाते: cₙ = (aₙ − i bₙ)/2, आणि c₋ₙ मध्ये फक्त i चे चिन्ह उलटे. ‘ऋण वारंवारता’ ऐकून घाबरायचे कारण नाही, ती उलट फिरणारा काटा आहे, इतकेच.

आपल्या लाटेचे c₁ = −0.637i आणि c₋₁ = +0.637i. दोन्ही आपापल्या काट्याला गुणून बेरीज करा: −0.637i(eⁱˣ − e⁻ⁱˣ). कंसातली वजाबाकी 2i sin x, म्हणून परत 1.273 sin x.

मग हा द्राविडी प्राणायाम कशाला? लाट π/4 ने उजवीकडे सरकवून पाहा. साइन-कोसाइनच्या वहीत सगळे विस्कटते: b₁ घसरून 0.90 होतो आणि शून्य असलेला a₁ अचानक −0.90 दाखवतो. संमिश्र वहीत मात्र c₁ ला फक्त e⁻ⁱπ/⁴ ने गुणायचे, मिळते −0.45 − 0.45i. लांबी तीच 0.637, काटा तेवढा 45 अंश वळला. पहिल्या लाटेचा जोर किती, हे लांबी सांगते. ती कुठून सुरू झाली, हे कोन सांगतो. परत जाताना aₙ म्हणजे खऱ्या भागाची दुप्पट, bₙ म्हणजे काल्पनिक भागाची उणे दुप्पट.

चुका होतात त्या इथेच. ते ‘उणे’ विसरले की लाट काळात उलटी होते. आपली मूळची चौकोनी लाट मग पालथी पडते आणि चित्र काढले की लगेच दिसते. ‘दुप्पट’ विसरले तर उंची निम्मी भरते. n = 0 ला मात्र दुसरा काटाच नसतो, तिथे c₀ म्हणजे थेट सरासरी. काही पुस्तके तिला a₀ म्हणतात, काही a₀/2, आणि पुस्तक बदलले की विद्यार्थ्याचे उत्तर हमखास सरासरीत चुकते. पडताळा सोपा आहे. लाट खरी असेल तर c₃ आणि c₋₃ यांच्यात काल्पनिक भागाच्या चिन्हाखेरीज काहीही फरक असता कामा नये.