पुसलेली नोंद परत येते तेव्हा

जुन्या पेढीवर कीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत. कीर्दीत व्यवहार घडतील तसे एकाखाली एक लिहायचे, मागचे काही खोडायचे नाही. कुणाचे खाते कीर्दीच्या कोणत्या पानावर आहे, ते खतावणीवरून कळे. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने छोटे की-व्हॅल्यू स्टोअर बनवायचे ठरवले, तर त्याला याच दोन वह्या पुन्हा बांधाव्या लागतात. कीर्द म्हणजे डिस्कवरची लॉग फाइल आणि खतावणी म्हणजे मेमरीतला इंडेक्स. बाशो कंपनीच्या जस्टिन शीही आणि डेव्हिड स्मिथ यांनी २०१० साली मांडलेली बिटकास्कची रचना मुळात एवढीच आहे, आणि पहिल्या प्रोजेक्टसाठी मला तीच सर्वांत योग्य वाटते.

वसतिगृहाच्या मेसचा हिशेब घेऊ. `mess42` या कीसमोर 1200 रुपये शिल्लक लिहायची आहे. प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला १२ बाइट राखून ठेवू: चार तपासणी-अंकासाठी, चार कीच्या लांबीसाठी, चार व्हॅल्यूच्या लांबीसाठी. मग कीचे सहा आणि व्हॅल्यूचे चार बाइट. नोंद झाली २२ बाइटची. पुढे `mess17` ची 950 शिल्लक बाइट २२ पासून लिहिली, ती २१ बाइटची. मग `mess42` ची शिल्लक 1140 झाली, ती बाइट ४३ पासून. आता इंडेक्स सांगतो की `mess42` साठी ४३ वर जा आणि `mess17` साठी २२ वर. शून्यावरची 1200 ची नोंद फाइलमध्ये आहे, पण तिच्याकडे आता कुणी बोट दाखवत नाही.

```python
def put(key, value):
    offset = f.seek(0, 2)
    f.write(pack(key, value))
    f.flush()
    os.fsync(f.fileno())
    index[key] = offset
```

इथे क्रम महत्त्वाचा. आधी डिस्क, मग इंडेक्स. `fsync` गाळले तरी प्रोग्राम छान चालतो, आणि `kill -9` ने मारून पाहिला तरी माहिती शाबूत दिसते. कारण प्रोग्राम मेला तरी ऑपरेटिंग सिस्टीमने मेमरीत धरलेले बाइट मरत नाहीत, ते मागाहून डिस्कवर उतरतात. वीज गेली तर मात्र ते जातात. नोंद अर्धवट लिहिलेली असताना वीज गेली, तर पुढच्या वेळी फाइल वाचताना शेवटच्या नोंदीचा तपासणी-अंक जुळत नाही, आणि तेवढे शेपूट कापून टाकायचे.

मेसमधून मुलगा गेला की `mess17` पुसावी लागते. पण कीर्दीत खोडता येत नाही, म्हणून “ही की गेली” अशी नवी नोंद शेवटी जोडायची. तिला टूम्बस्टोन म्हणतात. ती जोडली की इंडेक्समधून की काढायची.

अशाने फाइल फुगत जाते. म्हणून ती ठरावीक आकाराची झाली की बंद करून नवी उघडायची, आणि बंद झालेल्या फाइलींचे अधूनमधून कॉम्पॅक्शन करायचे. प्रत्येक नोंद वाचायची. इंडेक्स नेमका त्याच फाइलकडे, त्याच जागेकडे बोट दाखवत असेल तर नोंद नव्या फाइलमध्ये उतरवायची, नाहीतर सोडायची. वरच्या तीन नोंदी आणि टूम्बस्टोन मिळून ८३ बाइट होतात. त्यांतले २२ उरतात.

घात इथेच होतो. समजा पहिल्या तीन नोंदी फाइल १ मध्ये आहेत आणि टूम्बस्टोन फाइल २ मध्ये. विद्यार्थ्याने फक्त फाइल २ चे कॉम्पॅक्शन केले. टूम्बस्टोनकडे इंडेक्सचे बोट नाही, म्हणून ती गळली. सगळ्या चाचण्या पास होतात, कारण चालू प्रोग्रामच्या इंडेक्समध्ये `mess17` नाहीच. प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला की इंडेक्स फाइलींवरून नव्याने बांधला जातो, फाइल १ मध्ये 950 सापडतात, आणि गेलेला मुलगा मेसमध्ये परत येतो. म्हणून चाचणीत प्रत्येक कॉम्पॅक्शननंतर स्टोअर बंद करून उघडायलाच हवे, आणि उत्तरे शेजारी ठेवलेल्या साध्या डिक्शनरीशी ताडून पाहायला हवीत.

उपाय असा, की कॉम्पॅक्शन सर्वांत जुन्या फाइलपासून सलग करायचे. तरच टूम्बस्टोन टाकता येते. पण तेवढ्यानेही भागत नाही. १ आणि २ मिळून झालेली नवी फाइल २ च्या जागी ठेवली, आणि १ पुसण्याआधीच वीज गेली, तर टूम्बस्टोन नाही आणि 950 आहेत, अशी तीच अवस्था पुन्हा. फाइल १ आधी पुसावी, तर मधल्या वीज जाण्यात तिच्यातली `mess42` ची चालू शिल्लकच हरवते.

यातून सुटायचे तर “सध्या कोणत्या फाइली खऱ्या” याची छोटी यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवावी लागते. नवी यादी तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहायची, `fsync` करायची आणि `os.replace` ने एका झटक्यात जुनीच्या जागी बसवायची. जुन्या फाइली त्यानंतर सावकाश पुसल्या तरी चालतात, कारण यादीत नसलेली फाइल सुरू होताना कुणी वाचतच नाही. गूगलच्या लेव्हलडीबीमध्ये अशीच फाइलींची नोंद ठेवणारी `MANIFEST` नावाची फाइल असते.