दिल्ली दरवाजा, सकाळी सात

‘शनिवारवाडा ते मंडई, पायी. भेट : दिल्ली दरवाजासमोर, सकाळी ७. शेवट : महात्मा फुले मंडई, ९ वाजता. जास्तीत जास्त १५ जण. शुल्क ३०० रुपये. वाडा फक्त बाहेरून.’

वारसा फेरीची माहिती अशी चार ओळींत मावते, मात्र त्यातला प्रत्येक शब्द विचार करून ठेवावा लागतो. नुसते ‘शनिवारवाड्यापाशी’ लिहिले, तर कोणी बसथांब्यावर थांबतो, कोणी वाड्याच्या मागच्या बाजूला. वाड्याला पाच दरवाजे. त्यांतला उत्तरेचा, टोकदार खिळ्यांचा दिल्ली दरवाजा लांबूनही ओळखू येतो. शिवाय गोष्ट सांगायला सुरुवात तिथूनच करता येते: १७३० साली पायाभरणी, १८२८ साली आग. त्या आगीनंतर आत उरली ती मुख्यतः जोती. म्हणूनच ‘फक्त बाहेरून’ हे आधीच लिहिलेले बरे. पेशव्यांचे महाल पाहायला मिळतील या आशेने आलेला माणूस मग हिरमुसत नाही.

वाड्यापासून मंडईपर्यंतचे अंतर साधारण दीड किलोमीटर, चालायला पंचवीस मिनिटे. मग दोन तास कशाला? लाल महाल, कसबा गणपती, नाना वाडा, बेलबाग, तुळशीबाग, विश्रामबागवाडा असे सहा मुक्काम धरले आणि प्रत्येकी तेरा मिनिटे दिली, तरी सव्वा तासाहून जास्त होतो. उरलेला वेळ उशिरा येणाऱ्यांची वाट पाहण्यात आणि देवळांपाशी चपला काढण्या-घालण्यात जातो. सातची वेळही तुळशीबागेमुळेच ठरते. दुकाने उघडली की बोळ माणसांनी भरतो आणि राममंदिराच्या शिखराकडे मान वर करून पाहायला उभे राहण्यापुरतीही जागा मिळत नाही.

पंधरा हा आकडा आवाजावरून आला. बाजीराव रस्त्यावरून बस गेली की माइकशिवाय बोलणाऱ्याचे शब्द तिसऱ्या रांगेपर्यंत पोचत नाहीत. पंचवीस जण असले तर मागचे दहा आपापसात बोलू लागतात, आणि रस्ता ओलांडताना गट तुटतो तो वेगळाच.

आता पैसे. समजा, वाटाड्याचे मानधन दोन हजार, मदतनिसाचे पाचशे आणि चहा-नाश्त्याचे माणशी चाळीस. पंधरा जण आले तर खर्च ३,१०० आणि जमा ४,५०० रुपये. दहाच आले तर खर्च २,९०० आणि जमा ३,०००, म्हणजे जेमतेम तोंडमिळवणी. नऊ जणांवर पदरचे दीडशेहून अधिक जातात. त्यामुळे ‘किमान दहा जण असल्यासच फेरी निघेल’ हे वाक्यही वरच्या मजकुरात हवे, आणि शुल्कात नाश्ता धरला आहे हेही.

शेवटचे ठिकाण मात्र बहुतेक जाहिरातींत राहूनच जाते. शनिवारवाड्यापाशी गाडी लावलेला माणूस नऊ वाजता मंडईच्या अष्टकोनी इमारतीखाली उभा असतो, आणि गाडी दीड किलोमीटर मागे. बरोबर वयस्क आई असेल तर ती परतीची चाल जड जाते. हे आधी कळले असते, तर तो घरून रिक्षानेच निघाला असता.