फळे-भाज्यांवरील कीडनाशकांचे अवशेष : मर्यादेचा अर्थ आणि आरोग्याचा प्रश्न

फेब्रुवारी-मार्च महिन्यांत खडकी बाजारातील हातगाड्या द्राक्षांनी भरून जातात. वसतिगृहात मुलांना भेटायला येणाऱ्या पालकांच्या पिशवीतही या दिवसांत द्राक्षांचा एखादा घड हमखास असतो. त्याच सुमारास वर्तमानपत्रांत अधूनमधून बातमी येते, की आपल्याकडील अमुक माल परदेशाने कीडनाशकांच्या अवशेषांमुळे नाकारला. मग आईबापांच्या मनात साहजिकच शंका येते : परदेशाने जे खाण्यास नाकारले, ते आपण मुलांच्या हातात द्यावे काय? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी ‘कमाल अवशेष मर्यादा’ ही संज्ञा नीट समजून घेतली पाहिजे. त्यासाठी 2010 साली महाराष्ट्रातील द्राक्षांच्या बाबतीत जे घडले, त्याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

त्या वर्षी नाशिक आणि आसपासच्या जिल्ह्यांतून युरोपात गेलेल्या द्राक्षांमध्ये ‘क्लोरमेक्वाट क्लोराईड’ या रसायनाचे अवशेष आढळले आणि माल अडकून पडला. बागायतदार या रसायनाला ‘सीसीसी’ म्हणतात. ते कीड मारणारे औषध नव्हे, वाढनियंत्रक आहे. मात्र अवशेषांच्या कायद्यात त्याची गणना कीडनाशकांबरोबरच होते. एप्रिलमधील खरड छाटणीनंतर फुटी भराभर वाढत जातात. त्यांची वाढ आवरली, की डोळ्यांत घड तयार होण्यास मदत होते. म्हणून सीसीसी फवारले जाते. फळ हाती येते ते पुढील वर्षाच्या आरंभी, म्हणजे फवारणीनंतर सात-आठ महिन्यांनी. इतक्या काळात औषध नाहीसे होत असेल, असे कोणासही वाटेल. परंतु हे रसायन वनस्पतीच्या अंगात भिनणारे आहे. ते केवळ पानावर राहत नाही, तर रसाबरोबर झाडात फिरते आणि लाकडात साठून राहते. युरोपातील नासपतीच्या बागांत या रसायनाचा वापर थांबविल्यानंतरही पुढील हंगामांतील फळांत त्याचे अवशेष सापडत राहिले होते.

निर्यातीच्या द्राक्षांची काढणीपूर्वी तपासणी होत नव्हती असे नाही. 2003 नंतर त्यासाठी अवशेष-नियंत्रणाची स्वतंत्र योजना सुरू झाली होती. कृषी विभागाकडे बागांची नोंदणी होत असे, प्रत्येक बागेतील नमुना प्रयोगशाळेत जाई, आणि पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची संदर्भ प्रयोगशाळा या कामावर देखरेख ठेवीत असे. पण प्रयोगशाळा शोधते ते यादीत असलेल्या रसायनांनाच. त्या वर्षीच्या यादीत क्लोरमेक्वाट नव्हते. त्यामुळे बागायतदाराच्या हाती ‘निर्दोष’ असा अहवाल होता आणि युरोपातील प्रयोगशाळेच्या हाती ‘सदोष’ असा. आपापल्या परीने दोन्ही अहवाल खरेच होते.

युरोपात द्राक्षांसाठी या रसायनाची मर्यादा होती किलोस 0.05 मिलिग्रॅम. दहा टनांचे दोन ट्रक भरून द्राक्षे घेतली आणि त्या सर्वांत मिळून एक ग्रॅम रसायन असले, तर हे प्रमाण होते. इतकी सूक्ष्म मर्यादा पाहून हे रसायन जहाल विष असावे असा ग्रह होतो. परंतु त्याच वेळी त्याच युरोपात, त्याच रसायनाची गव्हावरील मर्यादा किलोस 2 मिलिग्रॅम होती, म्हणजे द्राक्षांच्या चाळीस पट! गहू तर रोजच्या भाकरी-पावात येतो, द्राक्षे कधीमधी. मग हा उलटा न्याय कसा?

मर्यादा कशी ठरते, हे पाहिले की याचा उलगडा होतो. एखाद्या पिकावर एखादे औषध वापरण्याची परवानगी देताना आधी शेतांवर प्रयोग केले जातात. लेबलावर लिहिल्याप्रमाणे मात्रा, तितक्याच फवारण्या आणि शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत थांबण्याचे ठरावीक दिवस, असे सारे पाळून पिकात किती अवशेष उरतो ते मोजतात. नियमाप्रमाणे वागणाऱ्या शेतकऱ्याच्या मालात जास्तीत जास्त जितका अवशेष राहू शकतो, त्याच्या किंचित वर मर्यादेची रेघ ओढली जाते. युरोपात गव्हाची ताटे लोळू नयेत म्हणून क्लोरमेक्वाट रीतसर फवारले जाते. म्हणून गव्हावरची मर्यादा मोठी. द्राक्षांवर तेथे त्याला परवानगी नव्हती. म्हणून यंत्राला खात्रीने मोजता येईल इतके किमान प्रमाण, हीच मर्यादा ठरली. ज्या पिकासाठी औषधाची नोंदणीच नाही, तेथे बहुधा अशीच नाममात्र मर्यादा असते. युरोपात ती सामान्यतः 0.01 मिलिग्रॅम आहे.

तात्पर्य, कमाल अवशेष मर्यादा ही मुख्यतः शेतातील वर्तणुकीची कसोटी आहे. ती ओलांडली गेली, तर शेतात काही तरी नियमाबाहेर घडले एवढे निश्चित होते. खाणाऱ्याला अपाय होईल की नाही, हे त्यावरून ठरत नाही.

ते ठरविण्याचे माप निराळे आहे. प्राण्यांवरील प्रयोगांत ज्या मात्रेला कोणताही अपाय दिसत नाही, ती मात्रा घेऊन तिला बहुधा शंभराने भागतात : माणूस प्राण्यापेक्षा अधिक नाजूक असू शकतो म्हणून दहाने, आणि माणसामाणसांतही फरक असतो म्हणून पुन्हा दहाने. येणारी मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे सांगितली जाते. आयुष्यभर रोज घेतली तरी चालेल अशी एक, आणि एका दिवसात घेतली तर चालेल अशी दुसरी. मर्यादा मंजूर करण्यापूर्वी सर्व अन्नांतून मिळून पोटात जाणारा अवशेष या मात्रांच्या आत राहतो की नाही, हे पडताळले जाते.

आता आपल्या घडाचा हिशेब करू. समजा, द्राक्षांत युरोपीय मर्यादेच्या दहा पट, म्हणजे किलोस 0.5 मिलिग्रॅम क्लोरमेक्वाट आहे. तीस किलो वजनाच्या मुलाने एका दिवसात 300 ग्रॅम द्राक्षे खाल्ली, तर त्याच्या पोटात 0.15 मिलिग्रॅम रसायन गेले. त्याला तीसने भागले, की वजनाच्या दर किलोमागे 0.005 मिलिग्रॅम येते. जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ बैठकीने या रसायनासाठी एका दिवसाची सुरक्षित मात्रा वजनाच्या दर किलोमागे 0.05 मिलिग्रॅम धरली आहे. (आकडा योगायोगाने मर्यादेचाच आहे, पण तेथे किलो द्राक्षांचा होता, येथे तो शरीराचा आहे.) म्हणजे मर्यादा दहापट ओलांडूनही हे मूल सुरक्षित मात्रेच्या दहाव्या भागापर्यंतच पोहोचले. मात्र तेवढीच द्राक्षे दहा किलो वजनाच्या बालकाने खाल्ली, तर त्याची मात्रा तिप्पट होते. लहान मुलांचा हिशेब नेहमी वेगळा करावा लागतो, तो यासाठीच.

परंतु प्रत्येक रसायन इतके सौम्य नसते. 1985 साली कॅलिफोर्नियात ‘अल्डिकार्ब’ हे कीटकनाशक असलेली कलिंगडे खाऊन हजारांहून अधिक लोकांना त्रास झाला. कलिंगडावर त्याला परवानगीच नव्हती. उलट्या, घाम, स्नायूंचे थरथरणे ही लक्षणे लगेच दिसली. तेथे नियमभंग आणि आजार एकच ठरले. म्हणून ‘मर्यादा ओलांडली’ एवढे ऐकून न थांबता, कोणते रसायन आणि किती, हे विचारले पाहिजे.

यापुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. मर्यादेच्या आतील थोडे थोडे अवशेष वर्षानुवर्षे पोटात गेले, तर काय होते?

अवशेष शरीरात पोहोचतात, याविषयी शंका उरलेली नाही. अमेरिकेतील सिॲटल परिसरातील तेवीस मुलांचे अन्न पाच दिवसांसाठी बदलून सेंद्रिय केले, तेव्हा त्यांच्या लघवीतील मॅलॅथिऑन व क्लोरपायरिफॉस यांच्या खुणा जवळजवळ नाहीशा झाल्या. नेहमीचे अन्न सुरू होताच त्या पुन्हा दिसू लागल्या. 2006 साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास अवशेष अन्नातून येतात हे दाखवितो. त्यांनी अपाय होतो, हे मात्र तो दाखवीत नाही.

अपायाचा सर्वांत सबळ पुरावा फवारणी करणाऱ्यांचा आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. पण त्यांच्या अंगावर आणि श्वासात गेलेले औषध फळावरील अवशेषाच्या कित्येक पट होते. त्यावरून ताटातील अन्नाविषयी निष्कर्ष काढता येत नाही.

या दोहोंच्या मधला पुरावा गर्भवती मातांचा आहे. कॅलिफोर्नियातील सलिनास खोरे हा शेतीचा प्रदेश. तेथील मातांच्या लघवीत गरोदरपणी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांच्या खुणा सर्वाधिक होत्या, त्यांच्या मुलांचा सातव्या वर्षीचा बुद्ध्यांक सर्वांत कमी खुणा असलेल्या मातांच्या मुलांहून सरासरी सात गुणांनी कमी आढळला. तेथे रसायने अन्नातून किती आली आणि शेतांतून किती, हे वेगळे करता आले नाही. तरीही अशा पुराव्यांचे वजन मोठे ठरले. याच गटातील क्लोरपायरिफॉससाठी सुरक्षित मात्रा सांगताच येत नाही, असा निष्कर्ष युरोपीय तज्ज्ञांनी काढला आणि 2020 मध्ये तेथे त्याची परवानगी संपली. त्याआधी कित्येक वर्षे याच औषधाला ‘सुरक्षित मात्रा’ होती. म्हणजे ही मात्राही त्या-त्या वेळच्या ज्ञानाइतकीच पक्की असते.

कर्करोगाविषयी निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत. सुमारे 69 हजार फ्रेंच प्रौढांच्या पाहणीत सेंद्रिय अन्न अधिक खाणाऱ्यांत कर्करोग कमी दिसला; ब्रिटनमधील सहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत एकंदर कर्करोगात तसा फरक दिसला नाही. सेंद्रिय अन्न घेणारे लोक इतरही बाबतींत वेगळे राहतात, त्यामुळे कारण नेमके कोणते हे निवडणे कठीण जाते. शिवाय मर्यादा एकेका रसायनाची ठरते, पण एका भाजीवर तीन-चार रसायने एकत्र असू शकतात. त्यांच्या एकत्रित परिणामांचे मापन अजून अपुरे आहे.

आपल्या देशातील केंद्रीय पाहणीत 2014-15 साली वीस हजारांहून अधिक अन्ननमुने तपासले गेले. 18.7 टक्क्यांत अवशेष होते, पण मर्यादेपलीकडे 2.6 टक्केच. खरी चिंता तिसऱ्या आकड्यात आहे : 12.5 टक्के नमुन्यांत परवानगी नसलेली औषधे आढळली. यात दोष केवळ शेतकऱ्याचा नाही. एखाद्या भाजीसाठी औषधाची नोंदणीच झालेली नसेल, तर कीड पडल्यावर तो दुकानदार देईल ते फवारतो.

स्वयंपाकघरात काय करता येईल? वाहत्या पाण्याखाली अर्धा मिनिट चोळून धुतल्याने पृष्ठभागावरील बराच अवशेष जातो. सफरचंदांवरील एका प्रयोगात खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बारा ते पंधरा मिनिटे ठेवल्यावर वरचा अवशेष निघून गेला. सालीत मुरलेला मात्र राहिला. साल काढल्याने आणखी काही कमी होतो. परंतु सीसीसीसारखे अंगात भिनलेले रसायन कितीही धुतले तरी जात नाही. त्याचा बंदोबस्त बागेतच झाला पाहिजे.

म्हणून पालकांच्या प्रश्नाचे उत्तर असे : त्या घडाने मूल आजारी पडेल, असे 2010 च्या नकारावरून सिद्ध होत नाही, द्राक्षे धुऊन निश्चिंतपणे द्यावीत. कमी फळे-भाज्या खाण्याने होणारे नुकसान अधिक निश्चित आहे. मात्र परदेशी जाणाऱ्या घडामागे बागेची नोंद, फवारणीची वही आणि तपासणीचा अहवाल असतो. खडकीच्या हातगाडीवरील घडामागे यांतील बहुधा काहीच नसते. आपल्यापैकी जे शेती करतात त्यांनी ती वही ठेवावी, आणि जे विकत घेतात त्यांनी ती मागावी.