पोर्टल बंद राहील, पण नेमके कधी?

महाविद्यालयाचे पोर्टल दुरुस्तीसाठी काही तास बंद ठेवायचे असते, तेव्हा विद्यार्थी आणि शिक्षकांना आधी सूचना दिली जाते. ठरवून राखलेल्या या वेळेला संगणक विभागात ‘मेंटेनन्स विंडो’ म्हणतात. पोर्टल कधी बंद होणार, कधी सुरू होणार आणि त्या वेळी अर्धवट राहिलेल्या कामाचे काय होणार, या तीन प्रश्नांची उत्तरे सूचनेत असावी लागतात. पहिली दोन बहुतेक सूचनांत सापडतात. तिसरे अनेकदा राहून जाते, आणि तक्रारी त्यावरूनच येतात.

उदाहरणादाखल एक महाविद्यालय घेऊ. त्याचे पोर्टल मूडल या मुक्त प्रणालीवर चालते. 2002 साली पहिली आवृत्ती निघालेली ही प्रणाली भारतातील अनेक महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत वापरात आहे. या पोर्टलवर वर्गाच्या नोट्स, असाइनमेंट आणि ऑनलाइन चाचण्या असतात, आणि फी भरण्याचे पानही त्यालाच जोडलेले आहे. प्रणालीची नवी आवृत्ती बसवायची असल्याने शनिवारी रात्री 11 ते रविवारी पहाटे 5 असे सहा तास पोर्टल बंद ठेवायचे ठरले आहे.

वेळ कशी लिहावी

सूचनेत पहिली चूक वेळ लिहिताना होते. बोलताना ‘शनिवारी रात्री दोन वाजता’ म्हटले की शनिवारची रात्र उलटल्यानंतरचे दोन, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. कॅलेंडरनुसार मात्र तेव्हा रविवार लागलेला असतो. ‘शनिवारी रात्री 12 पासून’ असे लिहिले तर घोटाळा आणखी वाढतो. काही जण शुक्रवार संपून शनिवार लागतानाची मध्यरात्र समजतात, तर काही जण शनिवार संपतानाची. दोन्ही अर्थ निघू शकतात आणि त्यांत पुरत्या 24 तासांचा फरक पडतो. म्हणून सुरुवात आणि शेवट या दोहोंपुढे वार आणि तारीख लिहावी, आणि 12 वाजताचा आकडा शक्यतो टाळून 11 किंवा 11:55 अशी वेळ निवडावी.

संगणक विभागापुढे आणखी एक अडचण असते. अनेक सर्व्हरची घड्याळे जागतिक प्रमाणवेळेवर लावलेली असतात आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणजे इथे रात्रीचे 11 वाजतात तेव्हा सर्व्हरच्या घड्याळात संध्याकाळचे 5:30 झालेले असतात. सर्व्हरवरची वेळ तशीच सूचनेत उतरवली, तर विद्यार्थी भलत्याच वेळी पोर्टल उघडून बघतात.

सहा तास कशासाठी

नवी आवृत्ती बसवायला सहा तास लागत नाहीत. पोर्टलच्या प्रतीवर आधी रंगीत तालीम केलेली असते आणि तिच्यावरूनच प्रत्येक कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज येतो. इथे तालमीत बॅकअपला 45 मिनिटे, आवृत्ती बदलायला 1 तास 50 मिनिटे आणि तपासणीला 45 मिनिटे लागली. एकूण 3 तास 20 मिनिटे झाली. सगळे सुरळीत झाले तर रात्री 2:20 ला काम संपते.

उरलेला वेळ काम फसले तर मागे फिरण्यासाठी राखलेला असतो. बॅकअपवरून जुने पोर्टल पुन्हा उभे करायला दीड तास आणि ते नीट चालते का हे पाहायला अर्धा तास, असे दोन तास लागतात. पहाटे 5 वाजता पोर्टल सुरू करायचे असेल, तर माघारीचा निर्णय 3 वाजेपर्यंत झालाच पाहिजे. त्या वेळेपर्यंत नवी आवृत्ती नीट चालत नसेल, तर ‘आणखी थोडा वेळ बघू’ असे न म्हणता जुनी आवृत्ती परत आणायची. ही वेळ आधीच ठरवून ठेवली नाही, तर रात्रभर जागलेली माणसे दुरुस्तीच्या नादात सकाळ करतात आणि सोमवारचे तासही त्यात सापडतात.

याच कारणाने सूचनेत ‘साधारण तीन तास’ असे लिहू नये. तीन तास हा काम सुरळीत झाले तरचा हिशेब आहे. सहा तास सांगून पोर्टल साडेतीन तासांत सुरू झाले तर कोणाचे काही अडत नाही. तीन तास सांगून सहा लागले, तर त्या भरवशावर बेत आखलेल्यांचे काम बुडते.

बॅकअप पोर्टल बंद झाल्यावरच घेतला जातो. आधी घेतला, तर त्यानंतर आलेल्या असाइनमेंट त्यात नसतील आणि माघार घ्यावी लागल्यास त्या नाहीशा होतील. तपासणी पूर्ण होण्याआधी पोर्टल सर्वांसाठी उघडत नाहीत तेही याच कारणाने.

अकराच्या आसपास अडकणारे काम

बहुतेक असाइनमेंटची अंतिम मुदत रात्री 11:59 ला ठेवण्याची पद्धत आहे. पोर्टल 11 वाजता बंद होणार असेल, तर शनिवारची मुदत बंद काळातच संपते. मूडलमध्ये दोन वेगळ्या तारखा असतात. पहिली ‘देय तारीख’, ती उलटली तर काम उशिरा आल्याची नोंद होते. दुसरी ‘अखेरची तारीख’, ती उलटल्यावर काम स्वीकारलेच जात नाही. पोर्टल बंद असतानाही या तारखा थांबत नाहीत. रविवारी पहाटे पोर्टल उघडेल तेव्हा मुदत संपलेली असेल आणि फाइल जोडण्याची सोयही गेलेली असेल. सूचना काढण्याआधी शिक्षकांनी अशा मुदती पुढे न्याव्यात आणि सूचनेत ‘शनिवारी रात्री संपणाऱ्या सर्व असाइनमेंटची मुदत आता सोमवारी रात्रीपर्यंत’ असे स्पष्ट लिहावे.

चालू असलेल्या चाचणीचा प्रश्न याहून नाजूक आहे. एक तासाची चाचणी कोणी 10:30 ला सुरू केली, तर 11 वाजता पान बंद पडते, पण चाचणीचे घड्याळ चालूच राहते आणि 11:30 ला वेळ संपते. लिहिलेली उत्तरे मूडल ठरावीक अंतराने आपोआप जतन करते, त्यामुळे 11 पर्यंत जतन झालेला भाग सहसा राहतो. उरलेला अर्धा तास मात्र विद्यार्थ्याच्या हातून जातो. म्हणून चाचण्या पोर्टलच्या आधी थांबवाव्या लागतात. तासाभराची चाचणी सुरू करण्याची शेवटची संधी 10 वाजताच संपवली की हा प्रश्न उरत नाही.

फीचेही तसेच. पैसे बँकेतून 10:59 ला गेले आणि बँकेची पुष्टी 11:01 ला आली, तर ती नोंदवून घ्यायला पोर्टल जागेवर नसते. विद्यार्थ्याच्या खात्यातून रक्कम गेलेली दिसते आणि पोर्टलवर फी बाकीच दिसते. घाबरून पुन्हा भरणारे याच वेळी दोनदा भरतात. त्यामुळे फीचे पान पोर्टलच्या अर्धा तास आधी, म्हणजे 10:30 ला बंद करणे चांगले. तरीही रक्कम अडकली, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाचा आधार आहे. यूपीआयने किंवा कार्डाने ऑनलाइन भरलेली रक्कम खात्यातून गेली, पण समोरच्या यंत्रणेपर्यंत पुष्टी पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती परत जमा व्हायला हवी. त्याहून उशीर झाल्यास दर दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. सूचनेत एकच वाक्य पुरे होते: ‘रक्कम गेली आणि पावती आली नाही, तर पुन्हा भरू नये. व्यवहार क्रमांक जपून ठेवावा.’

बंद असताना काय दिसते

पोर्टल अचानक तोडत नाहीत. मूडलमध्ये त्यासाठी एक आज्ञा आहे. ती 10:30 ला दिली, तर अर्ध्या तासाने पोर्टल बंद होणार असल्याचा इशारा लॉगिन असलेल्यांना दिसू लागतो.

```
php admin/cli/maintenance.php --enablelater=30
```

अकरानंतर पोर्टल उघडणाऱ्याला देखभाल चालू असल्याचे पान दिसते. त्यामागून सर्व्हर 503 हा संकेत पाठवतो. त्याचा अर्थ, सेवा सध्या उपलब्ध नाही, थोड्या वेळाने यावे. 404 म्हणजे पानच सापडले नाही, हे त्याहून वेगळे. हे देखभालीचे पान दिसत असेल तर सर्व्हर जागा आहे आणि बंदी ठरवून केलेली आहे. त्याऐवजी ब्राउझर साइटपर्यंत पोहोचताच येत नाही असे सांगत असेल, तर दोष इंटरनेट जोडणीत असू शकतो किंवा सर्व्हरच पूर्ण थांबलेला असू शकतो. हा फरक सूचनेत लिहिला तर मदत कक्षाला येणारे बरेच फोन वाचतात.

या काळात पोर्टलची पार्श्वभूमीतली कामेही थांबतात. शिक्षकांच्या सूचनांचे ईमेल रात्री जात नाहीत. पोर्टल सुरू झाल्यावर साचलेले ईमेल एकामागून एक येऊ लागतात. पहिला अर्धा तास पाने सावकाश उघडतात, कारण वेगासाठी साठवून ठेवलेल्या पानांच्या जुन्या प्रती आवृत्ती बदलताना पुसल्या जातात आणि नव्याने तयार व्हाव्या लागतात. पुन्हा लॉगिन करावे लागू शकते, आणि पान वेडेवाकडे दिसले तर एकदा रिफ्रेश करावे. त्यानंतरही आपली असाइनमेंट किंवा गुण दिसत नसतील, तर मात्र लगेच कळवावे.

सूचनेचा मजकूर

एवढे सगळे ठरल्यावर सूचना लहानच राहते. ती आठवडाभर आधी एकदा आणि त्याच दिवशी सकाळी पुन्हा द्यावी.

> शनिवार, 14 मार्च 2026 रात्री 11:00 ते रविवार, 15 मार्च पहाटे 5:00 पोर्टल बंद राहील.
> फी भरणे शनिवारी रात्री 10:30 ला बंद होईल. रक्कम गेली आणि पावती आली नाही, तर पुन्हा भरू नये. व्यवहार क्रमांक जपून ठेवावा.
> शनिवारी रात्री 10:00 नंतर नवी चाचणी सुरू करता येणार नाही.
> शनिवारी रात्री संपणाऱ्या असाइनमेंटची मुदत सोमवार, 16 मार्च रात्री 11:59 पर्यंत वाढवली आहे.
> नोट्स लागणार असतील तर आधी उतरवून घ्याव्यात.
> रविवारी सकाळी अडचण आल्यास मदत कक्षाला कळवावे.

यात ‘तांत्रिक कारणास्तव’ आणि ‘गैरसोयीबद्दल दिलगीर’ हे नेहमीचे शब्द नाहीत आणि नव्या आवृत्तीचा क्रमांकही नाही, कारण त्यांवरून वाचणाऱ्याला काही करता येत नाही. प्रत्येक ओळीत एक वेळ किंवा एक कृती आहे.

काम संपल्यावर दुसरी सूचना द्यावी लागते. पोर्टल सुरू झाले की त्याची वेळ कळवावी. माघार घ्यावी लागली असेल तर तेही सांगावे: जुनीच आवृत्ती चालू आहे, कोणतेही काम गमावलेले नाही, पुढची तारीख नंतर कळवली जाईल. पहाटे 5 पर्यंत पोर्टल उघडणार नाही असे दिसू लागले, तर 5 वाजण्याआधीच नवी वेळ जाहीर करावी. दिलेली वेळ उलटून गेल्यावर मिळालेल्या सूचनेचा कोणालाही उपयोग होत नाही.