नामंजूर, पण काय आणि कुठवर

सकाळी ९.००

साईट ऑफिसात पाऊल ठेवताच टेबलावर बदल विनंतीचा कागद दिसला. मजकूर माझ्या ओळखीचा होता. चौथा आणि पाचवा मजला एकाच कुटुंबाने घेतला आहे. त्यांना टॉयलेट समोरच्या भिंतीला हवं आहे. त्यामुळे मैल्याचा ११० मिमी पाईप डक्टपर्यंत न्यायला वाटेत बी-७ हा बीम आडवा येतो. प्लंबिंगच्या ठेकेदाराने दोन्ही मजल्यांवर या बीमला १५० मिमी व्यासाचं होल मागितलं होतं. खाली स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या ऑफिसचा शेरा होता: "नामंजूर. संरचनेच्या दृष्टीने अयोग्य."

निर्णय योग्य आहे, याबद्दल मला शंका नाही. पण एवढाच कागद ठेकेदाराच्या हातात दिला तर पुढे काय होतं, ते मी साईटवर पाहिलं आहे. कारण कळलं नाही की माणसाला वाटतं, साहेबांना त्रास नको म्हणून नाही म्हणतायत. मग आठवड्याने कुणीतरी संध्याकाळी, सगळे गेल्यावर, ब्रेकर लावून बीम फोडतं आणि सकाळी पाईपभोवती सिमेंटचा गिलावा थापलेला सापडतो. त्या वेळी आतल्या रिंगा तुटल्या की नाही हे कुणीच सांगू शकत नाही. म्हणून आजचा दिवस या नकाराच्या पत्राचा. पाचव्या मजल्याच्या स्लॅबचं सेंट्रिंग बांधून झालं आहे, सळ्या बांधायचं काम चालू आहे, परवा काँक्रीट आहे. घाई तेवढ्यासाठी.

सकाळी ९.४५

सगळ्यात आधी मागणी नीट वाचते. नकार पुन्हा लिहायचा तर नक्की कशाला नकार दिला गेला हे आधी कळायला हवं, आणि बहुतेक वेळा ते विनंतीच्या मजकुरापेक्षा तिच्या स्केचमध्ये असतं. स्केचप्रमाणे होलचा मध्य कॉलमच्या कडेपासून २५० मिमीवर आहे आणि होलची खालची कड बीमच्या तळापासून ६० मिमी वर. बीम २३० बाय ६०० चा आहे, दोन कॉलमच्या कडांमधलं अंतर ४.२ मीटर.

इथेच एक गोष्ट लक्षात आली. विनंती एक असली तरी तिच्यात दोन वेगळी कामं आहेत. चौथ्या मजल्याचा बीम भरून झालेला आहे, तिथे होल म्हणजे कोअर कटिंग. पाचव्या मजल्याच्या बीममध्ये अजून काँक्रीट पडलेलं नाही, तिथे होल म्हणजे सळ्यांच्या मध्ये आधीच बसवलेली स्लीव्ह. कापणं आणि जागा सोडणं यांत फार मोठा फरक आहे, आणि शेऱ्याने दोन्हींना एकच उत्तर दिलं होतं.

सकाळी १०.३०

ड्रॉईंग उघडून कारणं शोधते. "अयोग्य" हा निष्कर्ष झाला. कारण म्हणजे जे टेपने मोजून दाखवता येतं ते.

पहिलं कारण कॉलमपासूनच्या अंतराचं. आमच्या ड्रॉईंगवर आयएस १३९२० लागू असल्याचं लिहिलेलं आहे. भूकंपात इमारतीने वाकावं पण कोसळू नये, यासाठी सळ्यांचे तपशील कसे द्यायचे हे सांगणारं ते मानक. त्यानुसार बीमच्या दोन्ही टोकांना, कॉलमच्या कडेपासून बीमच्या प्रभावी खोलीच्या दुप्पट अंतरापर्यंत, रिंगा दाट लागतात. आमच्या बीमला ते अंतर सुमारे १.१ मीटर येतं आणि तिथे ८ मिमीच्या रिंगा १०० मिमीवर आहेत. १०० मिमीवर रिंगा असतील तिथे १५० मिमीचं होल एक तरी रिंग तोडणारच, बहुधा दोन. शिवाय बीमला कातरणारं बल याच टोकाला सर्वांत जास्त असतं.

दुसरं कारण उंचीचं. खालच्या सळ्या २० मिमीच्या आहेत. तळाकडून ३० मिमी कव्हर, ८ मिमी रिंग आणि २० मिमी सळई मिळून ५८ मिमी होतात. होलची कड ६० मिमीवर, म्हणजे सळई आणि कोअरचं बिट यांत दोन मिलिमीटर. मशीन इतकं सरळ चालत नाही आणि सळ्याही बांधताना इतक्या नेमक्या बसत नाहीत. कुणाला वाटेल, कॉलमजवळ ताण वरच्या बाजूला असतो, मग खालच्या सळईचं काय एवढं? रोजच्या वजनाखाली ते खरं आहे. पण भूकंपात इमारत दोन्हीकडे झुलते आणि तेव्हा ताण खालीही येतो. म्हणून तर हेच मानक कॉलमच्या कडेला वरच्या सळ्यांच्या निम्म्या तरी सळ्या खाली मागतं.

सकाळी ११.३०

आता खरं काम: काय केलं तर चालेल? त्यासाठी ठेकेदाराला होल तिथेच का हवं होतं हे समजायला हवं. त्याला फोन केला. "मॅडम, उताराचं आहे. सरळ लाईन आली की उतार मिळतो. खाली घेतलं की अजून मिळतो."

मग उताराचाच हिशोब मांडला. स्लॅबच्या वरच्या पातळीपासून मोजलं तर कमोडच्या बेंडनंतर पाईपचा मध्य २५० मिमी खाली येतो. बीमच्या मधल्या एक-तृतीयांश भागात, म्हणजे कॉलमच्या कडेपासून १.४ ते २.८ मीटरच्या मध्ये, ४५ अंशाचे दोन बेंड घालून नेलं तर बीमपर्यंतची लांबी २.४ मीटर होते. ६० ला १ उतार धरला तर पाईप ४० मिमी उतरतो, ४० ला १ धरला तर ६० मिमी. म्हणजे बीमपाशी पाईपचा मध्य २९० ते ३१० मिमीवर. बीमचा मध्य ३०० वर आहे! उतारही मिळतो आणि होल बीमच्या मध्यावर येतं, जिथे ते सर्वांत कमी नुकसान करतं. ठेकेदाराची अडचण खरी होती, पण तिच्यासाठी होल टोकाला आणि तळाला नेण्याची गरज नव्हती.

मधल्या भागात रिंगा २०० मिमीवर आहेत. १६० मिमीचा पाईप स्लीव्ह म्हणून दोन रिंगांच्या मध्ये बसतो आणि एकही रिंग तोडावी लागत नाही.

दुपारी १२.४५

हे सगळं पत्रात लिहिण्याआधी कन्सल्टंट सरांना फोन केला. अटी लिहिणं ही अर्धी परवानगीच असते, आणि ती देण्याचा अधिकार माझा नाही. सर म्हणाले, "पाचव्याला चालेल. पण स्लीव्हच्या दोन्ही बाजूंना एकेक जादा रिंग आणि वर-खाली दोन-दोन १२ मिमीच्या सळ्या घाला. मी तपशील पाठवतो. चौथ्याला कोअर नको."

मी विचारलं, "चौथ्याला मधल्या भागातही नको का?" कारण "कधीच नाही" आणि "सध्याच्या माहितीवर नाही" यांतला फरक वाचणाऱ्याला कळायलाच हवा. थोडं थांबून ते म्हणाले, "टोकाच्या १.१ मीटरमध्ये कधीच नाही. मधे मागायचं असेल तर आधी सळ्यांचं स्कॅनिंग, मग मी गणित बघतो. हो म्हणेन असं धरून चालू नका." त्यांचं हे शेवटचं वाक्य मी जसंच्या तसं पत्रात घेतलं. खोटी आशा दाखवणारा नकार कोरड्या नकाराहून वाईट. माणूस त्यावर पैसे खर्च करून बसतो.

दुपारी २.००

जेवण उरकून लिहायला बसले. मराठीतच, कारण हे पत्र ठेकेदाराचा फोरमन साईटवर उभा राहून वाचणार आहे. मधला भाग असा झाला:

"कॉलमच्या कडेपासून २५० मिमीवर, तळाजवळ मागितलेलं होल दोन्ही मजल्यांवर नामंजूर आहे. त्या जागी किमान एक रिंग तुटते आणि तळाची सळई होलच्या कडेपासून दोन मिमीवर येते. टॉयलेटची जागा बदलण्याला हरकत नाही.

पाचवा मजला: पुढील गोष्टी पाळल्यास मंजुरी मिळेल. स्लीव्ह १६० मिमीपेक्षा मोठी नको. तिचा मध्य कॉलमच्या कडेपासून १.४ ते २.८ मीटरमध्ये आणि बीमच्या वरच्या पातळीपासून ३०० मिमीवर हवा. जादा सळ्या सोबतच्या तपशिलाप्रमाणे. स्लीव्हची दोन्ही तोंडं बंद करून काँक्रीटच्या आधी फोटो व पाहणी. सुधारित स्केच आज संध्याकाळी ६ पर्यंत.

चौथा मजला: टोकाच्या १.१ मीटरमध्ये कोअर कोणत्याही परिस्थितीत मिळणार नाही. मधल्या भागात मागायचा असेल तर आधी सळ्यांचं स्कॅनिंग, मग कन्सल्टंट गणित बघतील. त्यांच्या शब्दांत: 'हो म्हणेन असं धरून चालू नका.' पाईप बीमच्या खालून नेता येईल."

चौथ्याच्या या पर्यायाला मी जास्त वेळ दिला, कारण त्याची किंमत तिसऱ्याच माणसाला मोजावी लागते. पाईप खालच्या, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या फ्लॅटच्या बाथरूममधून जाणार. मजल्याची उंची ३ मीटर, त्यातून बीम आणि फरशी वजा जाता २.३४ मीटर उरतात. पाईप, क्लॅम्प आणि फॉल्स सीलिंग मिळून १९० मिमी गेले की २.१५. राष्ट्रीय बांधकाम संहिता बाथरूमला किमान २.१ मीटर मागते, म्हणजे जेमतेम बसतं. त्यामुळे अट अशी लिहिली: आर्किटेक्टची सही आणि तिसऱ्या मजल्याच्या फ्लॅटधारकाची लेखी संमती. ती आणायची जबाबदारी बिल्डरच्या ऑफिसची, ठेकेदाराची नाही. हे न लिहिता सोडलं तर सगळे एकमेकांची वाट बघत बसतात.

पहिल्या खर्ड्यात "पुरेसं अंतर", "योग्य मजबुतीकरण" असे शब्द आले होते. ते सगळे काढले. ज्या अटीला टेप लावता येत नाही तिच्यावरून स्लॅबवर भांडण होतं.

दुपारी ३.३०

पत्र पाठवायच्या आधी ठेकेदार आणि त्याच्या फोरमनला बोलावलं. समजावून काही सांगितलं नाही, फक्त पत्र आणि खडू हातात दिला आणि म्हटलं, "दादा, वर चला आणि स्लीव्ह कुठे बसेल ते सेंट्रिंगच्या फळीवर काढून दाखवा." फोरमनने टेप लावला, १.४ वर रेघ मारली, २.८ वर मारली, मधे दोन रिंगांच्या फटीत गोल काढला. उंचीला मात्र अडला: वरची पातळी म्हणजे काँक्रीटची की फरशीची? प्रश्न रास्त होता. पत्रात "काँक्रीटच्या वरच्या पातळीपासून" अशी दुरुस्ती केली. ६० मिमीची फरशी त्यात धरली असती तर स्लीव्ह तेवढीच वर सरकली असती.

ठेकेदार म्हणाला, "पाचव्याचं कळलं. चौथ्याला स्कॅनिंग करून बघू का?" त्याला सरांचं वाक्य वाचून दाखवलं. खर्च त्याचा, उत्तराची खात्री नाही. तो म्हणाला, मग खालूनच नेऊ, संमती मिळाली तर.

संध्याकाळी ५.३०

सुधारित स्केच आलं. स्लीव्हचा मध्य कॉलमच्या कडेपासून १.९ मीटरवर आहे. कन्सल्टंट सरांनी पाचव्या मजल्यासाठी मंजुरीची मेल पाठवली, जादा सळ्यांचा तपशील सोबत आहे. उद्या सकाळी फिटर त्या बांधेल आणि काँक्रीटच्या आधी मी फोटो घेईन. चौथ्या मजल्याच्या विनंतीवर "नामंजूर" हा शेरा कायम आहे. तिसऱ्या मजल्याच्या फ्लॅटधारकांना बिल्डरच्या ऑफिसने आज पत्र पाठवलं, त्यांचं उत्तर आल्याशिवाय तिथे एकही क्लॅम्प लागणार नाही.